तीनच का? शून्य का नाही?

आज कोडिंग बाजूला, जरा घरचं सांगतो. अकरावीत मी दोन महिने कॉलेजला गेलो नव्हतो. कामशेतहून सकाळची लोकल पकडायची म्हटलं की पोटात गोळा यायचा. शेवटी "डोळे तपासायचेत" असं सांगून आई-बाबांनी मला पुण्यात एका समुपदेशक मॅडमकडे नेलं. दारावरची पाटी वाचली आणि ठरवलं, तोंड उघडायचंच नाही.

मॅडमनी आधी आई-बाबांना बाहेर बसवलं. म्हणाल्या, "तुला न विचारता आणलंय. राग येणारच. तू बोललेलं मी घरी सांगणार नाही. जिवाला धोका वाटला तरच सांगेन, तेही आधी तुला सांगून." मी म्हटलं, "कॉलेज बोगस आहे." वाटलं, आता लेक्चर सुरू. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तिथं हाती काहीच लागत नाही." मी पटकन बोललो, "तसं नाही, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बरं असतं."

बघा, कॉलेजची बाजू मीच घेतली!

मग विचारलं, "परत जाणं किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये सांग." मी म्हटलं, तीन. "तीन का? शून्य का नाही?" मला कारणं शोधावी लागली. प्रॅक्टिकल, एक मित्र, आणि बाबांच्या दुकानात आयुष्यभर बसायचं नव्हतं.

या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात, हे मला खूप नंतर कळलं. विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारू सोडवण्याच्या कामातून ती मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर 1991 मध्ये पुस्तक आलं. मुद्दा असा की माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात. आपण एक ओढली की तो दुसरी धरतो. आणि स्वतःच्या तोंडून जे बोलतो, तिकडे सरकतो.

घरी बाबांनी हाच प्रश्न उलटा विचारला, "तीनच? आठ का नाही?" मी दहा मिनिटं न जाण्याची कारणं सांगितली. आकडा तोच, दिशा चुकली. कोणी शून्य म्हणालं तर? मग विचारायचं, "एक व्हायला काय लागेल?" पण मुलगा जीव द्यायची भाषा करत असेल तर हे आकडे बाजूला. तिथं सरळ विचारायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. शिवाय पोटातला गोळा या गप्पांनी गेला नाही. त्यावर नंतर वेगळे उपचार झाले. या गप्पांनी मी फक्त त्या खुर्चीत टिकलो.

निघताना मॅडम म्हणाल्या, "परत यायचं की नाही, तू ठरव. बाहेर काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवू." ठरलं ते असं: फक्त गुरुवारी, फक्त प्रॅक्टिकलला.

शिवाजीनगरला लोकलची वाट बघताना आईने वडापाव दिला आणि हळूच विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "त्या काही म्हणाल्या नाहीत. मी म्हणालो, गुरुवारी जातो."