स्मृतिशिलेवरील अक्षरें

आमच्या एका आप्तांच्या स्मरणार्थ गांवच्या वाचनालयाच्या बाहेरील भिंतींत संगमरवराची शिला बसविली होती. तिच्यावरील बोरूच्या वळणाचीं नाजूक अक्षरें पाहून त्या दिवशीं सर्वांनीं वाखाणणी केली. पुढें कित्येक पावसाळे लोटल्यावर मी तेथें गेलों, तेव्हां शाळेंतला एक मुलगा तें नांव मोठ्यानें वाचीत होता : ‘वाळकृप्ण’. ‘ब’च्या पोटांतली तिरकी रेघ गेली होती, ‘ष’चीही गेली होती. चूक मुलाची नव्हती. दगडावर बाळकृष्णाचें तेवढेंच उरलें होतें.

असें कां व्हावें? पाथरवट छिन्नीनें दोन्ही बाजूंनीं उतरती खांच घेतो. ही खांच काटकोनी असली, तर तिची खोली रुंदीच्या निम्मी येते. म्हणजे दोन सूत रुंद रेघ एक सूत खोल उतरते. पाव सुताची रेघ मात्र सुताच्या आठव्या हिश्शाइतकीच. संगमरवर चुनखडीच्या जातीचा. पावसाच्या किंचित् आम्ल पाण्यानें तो हळूहळू विरतो, आणि उथळ रेघ सर्वांआधीं नाहींशी होते. तिच्यांत रंगही टिकत नाहीं.

म्हणून कागदावर शोभणारें वळण दगडावर जसेंच्या तसें घेऊं नये. बोरूचा जाड-बारीकपणा ठेवावा, पण बारीक रेघ जाड रेघेच्या निम्म्याहून कमी नसावी. समजा, शिला १५ फुटांवरून वाचावयाची आहे. तर शिरोरेषेखालीं अक्षराची उंची दीड इंच, जाड रेघ दोन सूत व बारीक रेघ एक सूत धरावी. उकार आणि वरच्या मात्रा एकमेकांना भिडणार नाहींत इतकें अंतर दोन ओळींत सोडावें. मजकूर मावत नसेल, तर पदव्या आणि मंडळाच्या सभासदांचीं नांवें गाळावींत. अक्षर लहान करूं नये. भोंवतीं मोकळी जागा असली कीं शिलेला आपोआप गांभीर्य येतें. त्यासाठीं वेलबुट्टी लागत नाहीं.

काम सांगण्यापूर्वीं त्याच दगडाच्या तुकड्यावर ‘ब’ आणि ‘ष’ हीं दोनच अक्षरें कोरवून घ्यावींत. रंग न भरतां तो तुकडा ठरलेल्या जागीं ठेवून सकाळीं व दुपारीं पाहावा. ऊन बाजूनें येत असेल, तर खांचेची एक कड उजळते, दुसरी सांवलींत राहते, आणि अक्षर रंगावांचून वाचतां येतें. भिंत सदा सांवलींत असेल, तर रंग भरावाच लागेल. पण खोल खांचेंत तो पुन्हा भरतां येतो.

कोरलेलें नांव पुढें अनोळखी माणसें वाचणार असतात. त्यांना विचारावयास त्या वेळीं कोणी जवळ नसतो.