एका दिवसात चार चटण्या, चार व्हिडिओ

देवळाली प्रवराच्या बचत गटाकडून आम्ही बोलतोय. गटाच्या चटण्यांचे व्हिडिओ आम्ही मोबाइलवर काढतो. व्हिडिओ चार मिनिटांचा, पण ओटा आवरायचा, मोबाइल स्टँडवर बसवायचा, उजेड बघायचा, यातच तास जातो. चार वेगळ्या दिवशी काढले तर तयारीलाच चार तास. शिवाय एका व्हिडिओत चटणी लालभडक, दुसऱ्यात काळपट. म्हणून शेंगदाणा, जवस, कारळं आणि लसूण-खोबरं, या चारही चटण्या आम्ही एकाच दिवशी काढतो.

आदल्या संध्याकाळी चार ताटांत सामान मोजून ठेवायचं आणि प्रत्येक ताटात नावाची चिठ्ठी. मोबाइलमध्ये पाचेक जीबी जागा मोकळी करायची.

सकाळी दहा ते एक ही आमची वेळ. खिडकीचा उजेड असावा, पण ओट्यावर थेट ऊन नको. ट्यूबलाइट बंद ठेवायची. दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की रंग बदलतो. स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खूण करायची. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस तिथेच टिकतो.

मग दहा सेकंदांचं शूटिंग करून इअरफोन लावून ऐकायचं. पंखा, मोटार, वारा, सगळं त्यात कळतं. हे टाळू नका. वेगळ्या दिवशी चूक झाली तर एकच व्हिडिओ वाया जातो. एका दिवसात काढताना तीच चूक चारही व्हिडिओंत शिरते.

आता क्रम. बोलणारीचा आवाज ताजा असतो, म्हणून चारही चटण्यांची ओळख आधी लागोपाठ बोलून घ्यायची. साडी दिवसभर तीच, म्हणजे ओळख आणि कृती जुळतात. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला पाटीवर चटणीचं नाव लिहून दाखवायचं, नाहीतर नंतर कारळं कुठलं आणि जवस कुठलं, कळत नाही.

मग भाजणी. आधी शेंगदाणे, मग जवस, मग कारळं. जवस तडतडून उडतं, मोबाइल जरा लांब घ्या. लाल मिरची भाजायची ती लसूण-खोबऱ्याची चटणी शेवटी, कारण एकदा ठसका लागला की अर्धा तास कुणाला बोलता येत नाही. दर चटणीनंतर कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसायची. वाफेने चित्र धुरकट होतं. मिक्सर चालू असताना बोलायचं नाही.

एका दिवसात किती काढायचे? संध्याकाळी पहिला आणि शेवटचा व्हिडिओ लागोपाठ लावून बघा. शेवटच्यात आवाज खाली गेला असेल, उजेड पिवळा झाला असेल, तर पुढच्या वेळी एक कमी काढा. आमचा आकडा चार ठरला, तो असाच. तुमचा कदाचित तीन असेल.