खंड चौदावा की अकरावा?



संमेलनाच्या अध्यक्षाने व्यापक विषयावर बोलावं असा प्रघात आहे. मी मात्र तळटीपेतल्या एका ओळीबद्दल बोलणार आहे, आणि ती ओळ पनवेलबद्दलची आहे.

‘शोधगंगा’वर आज टंकलिखित जुने प्रबंध स्कॅन होऊन आले आहेत. विद्यार्थी त्यातला संदर्भ निवडतो, कॉपी करतो, आपल्या प्रबंधात चिकटवतो. डोळ्यांना दिसतं ते पानाचं चित्र. चिकटतो तो त्या चित्राखाली यंत्राने वाचून ठेवलेला मजकूर. दोन्ही एकच आहेत असं तो धरून चालतो. आता पनवेल बंदराच्या इतिहासावरच्या एखाद्या प्रबंधातून अशी ओळ आली असं समजा:

```
Bombay Gazetteer, Vol. XN, 1832, Panvel
```

XN नावाचा रोमन आकडा नाही, हे कुणालाही कळेल. १८३२ साली ही गॅझेटियरमाला नव्हती, हेही अभ्यासकाला ठाऊक असतं. मग हुशार विद्यार्थी तर्क लढवतो. पनवेल रायगड जिल्ह्यात. रायगड म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा. कुलाबा-जंजिऱ्याचं गॅझेटियर अकराव्या खंडात, साल १८८३. यंत्राने ८ चा ३ केला असणार, म्हणून १८३२ च्या जागी १८८३ आणि XN च्या जागी XI. ओळ आता स्वच्छ दिसते. मार्गदर्शकही मान डोलावतात.

आणि ती साफ चुकीची आहे. त्या गॅझेटियरच्या वेळी पनवेल ठाणे जिल्ह्यात होतं. ठाण्याच्या स्थलवर्णनाचा खंड चौदावा, साल १८८२. जीर्ण कार्बन प्रतीवर I आणि V एकमेकांना चिकटले आणि यंत्राने त्यांचा N केला. सालात एकच अंक बिघडला होता. आपल्या तर्कशास्त्र्याने जो शाबूत होता तोही बदलला. यंत्राची चूक निदान चूक म्हणून दिसत होती. माणसाने केलेली दुरुस्ती दिसेनाशी झाली, आणि पुढचा संशोधक अकराव्या खंडात पनवेल शोधत बसणार.

म्हणून पहिलं काम तर्काचं नाही, पाहण्याचं आहे. पानाचं चित्र दोनशे-तीनशे टक्के मोठं करा. त्याच टंकयंत्रावरचा तोच अंक त्याच पानावर दुसरीकडे कसा उमटलाय ते ताडून बघा. टंकयंत्राचा खिळा झिजलेला असेल, तर तो सगळीकडे सारखाच झिजलेला दिसतो.

देवनागरीत दुखणं वेगळं आहे. ‘कोरीव’चं ‘कोरीच’ झालं तर वाचताना खटकतं. २ चा ३ झाला, ४ चा ५ झाला, १ चा ९ झाला, तर काहीच खटकत नाही, कारण चुकीचा अंकही अंकच असतो. शुद्धलेखन तपासणारी कुठलीही सोय इथे मुकी. नियतकालिकांच्या जुन्या संदर्भांत मात्र एक आधार सापडतो: शक आणि इसवी सन दोन्ही दिलेले असतात. शकात ७८ मिळवा, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. कॉपी केलेल्या ओळीत ‘शके १८४५, इ. स. १९३३’ आलं, तर बेरीज १९२३ येते. चूक पकडली. पण कुठली? १९२३ मधल्या २ चा ३ झाला असेल, किंवा १८५५ मधल्या ५ चा ४. १८५५ अधिक ७८ म्हणजे १९३३, तेही तंतोतंत जुळतं! बेरीज दोष दाखवते, निवाडा करत नाही. निवाड्याला तिसरा साक्षीदार लागतो: त्या नियतकालिकाचं ‘वर्ष’ आणि ‘अंक’. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या नियतकालिकाचा मूळ अंक ग्रंथालयात काढून मुखपृष्ठ पाहावं, इतकंच.

कधी चित्र नीट पाहिल्यावर कळतं, की यंत्राने बरोबर वाचलंय. चूक मूळ प्रबंधकर्त्याची किंवा त्याच्या टंकलेखकाची आहे. इथे हात आवरा. यंत्राची चूक मुकाट दुरुस्त करायला हरकत नाही, कारण ती कुणाच्याही लेखनाचा भाग नाही. माणसाची चूक मात्र आहे तशी ठेवून शेजारी चौकटी कंसात शुद्ध रूप द्यावं. नाहीतर त्या प्रबंधात जे लिहिलंच नव्हतं ते आपण प्रबंधकर्त्याच्या तोंडी घालतो.

‘सगळीकडे एकदम बदला’ ही कळ दाबण्याआधीही थांबा. अंकांतला l काढून 1 करायला जाल, तर Vol. चं Vo1. होईल.

मार्गदर्शकांना माझी एक विनंती आहे. स्कॅन प्रबंधातून घेतलेल्या प्रत्येक संदर्भापुढे विद्यार्थ्याकडून दोन खुणा मागा: पानाचं चित्र पाहिलं का, आणि मूळ ग्रंथ उघडला का. दुसरी खूण नसेल तर संदर्भ मूळ ग्रंथाच्या नावावर देऊ नका. अमुक प्रबंधात उद्धृत, असं लिहायला लावा.