पगार तोच, मग पुरत का नाही?

माझा मावसभाऊ बीडमध्ये एका दुकानात हिशोब बघतो. पगार फिक्स, महिना 15,000 रुपये.

देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक एप्रिल 2021 मध्ये 157.8 होता, एप्रिल 2022 मध्ये 170.1 झाला. वाढ 12.3 अंकांची. पण महागाई 12.3 टक्के नव्हे! 12.3 ला जुन्या 157.8 ने भागायचं, 100 ने गुणायचं. उत्तर 7.79 टक्के.

आता पगार बघू. 15,000 ला 157.8 ने गुणा, 170.1 ने भागा. येतात साधारण 13,915. म्हणजे खात्यात 15,000च जमा होतात, पण त्यात सामान येतं वर्षापूर्वी 13,915 मध्ये यायचं तेवढंच. पहिल्याइतकंच घरी न्यायचं तर पगार 16,169 हवा.

फक्त एक लक्षात ठेवा, हा आकडा देशाच्या सरासरीचा आहे. ज्याचा बराचसा पगार किराण्यातच जातो, त्याची महागाई वेगळी निघते.