भय, करुणा आणि बधिर चट्टा



भय किंवा करुणा जागवणारे प्रत्येक आवाहन सदोष असते, असा एक समज तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील हेत्वाभासांच्या, म्हणजे वरवर पटणाऱ्या पण आतून पोकळ असणाऱ्या युक्तिवादांच्या, याद्यांमुळे रूढ झाला आहे, आणि तो टिकणारा नाही. अॅरिस्टॉटलने भयाचा संबंध जवळ येऊन ठेपलेल्या अनिष्टाशी आणि करुणेचा संबंध दोष नसताना वाट्याला आलेल्या दुःखाशी जोडला. म्हणजे या दोन्ही भावनांच्या पोटात एकेक विधान असते आणि ते खरे की खोटे, हे तपासता येते. विधान खरे असेल आणि मागितलेल्या कृतीने ते अनिष्ट टळत किंवा ते दुःख हलके होत असेल, तर भावना प्रस्तुत ठरते. यांपैकी एक दुवा जरी निखळलेला असला आणि तो झाकण्यासाठीच भावना पुढे केली असली, तर ती दिशाभूल होय.

ही कसोटी लावण्यास विदर्भात कुष्ठरोगाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, कारण मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन येथे १९४९ मध्ये ज्या रुग्णांसाठी काम उभे केले, त्यांच्या वाट्याला समाजाकडून भय आणि करुणा या दोन्ही गोष्टी आल्या होत्या.

बोटे वाकडी झालेला हात आणि त्याखाली ‘वेळीच उपचार घ्या’ एवढाच मजकूर, असे एखादे भित्तिपत्रक डोळ्यांसमोर आणावे. त्यातील सल्ला बिनचूक आहे. तरीही दंडावर नुकताच फिकट चट्टा उमटलेला माणूस ते पाहून ‘आपला हात असा नाही, तेव्हा हा तो रोग नव्हे’ असे मनाशी ठरवतो, किंवा ‘हा तोच रोग असेल तर लोक वाळीत टाकतील’ या धास्तीने पूर्ण बाहीचा सदरा घालू लागतो. दोन्ही वाटांनी उपचार लांबतो. शिवाय ते चित्र एक खोटे विधान नकळत करून जाते, कारण हाताचे व्यंग हे रोग संसर्गजन्य असल्याचे लक्षण नाही; मज्जातंतूची कायमची हानी झाल्यावर ते उरते आणि पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाच्या अंगावरही आयुष्यभर राहते.

यातील प्रस्तुत भय वेगळेच आहे. जंतूची वाढ अत्यंत संथ असल्याने लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे लागतात, आणि चट्ट्यावर डोळे मिटून पेनाच्या टोकाचा स्पर्श कळला नाही, तर मज्जातंतूला इजा पोहोचू लागली आहे, हे घरच्या घरी ओळखता येते. असा चट्टा, ही परीक्षा, हात लुळा पडण्याचा खरा धोका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळणारे सहा किंवा बारा महिन्यांचे बहुविध औषधोपचार, एवढे एकत्र सांगितले की भय माणसाला दाराबाहेर काढते. अमेरिकेत हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये धनुर्वाताच्या लशीबाबत केलेल्या प्रयोगात हेच दिसले: केवळ भय जागवलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी लस घेतली, तर भयासोबत दवाखान्याचा नकाशा आणि जाण्याची वेळ ठरवण्याची सूचना मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी, भयाविना नुसती सूचना मिळालेल्यांपैकी मात्र कोणीच गेले नाही. भय कमी होते की जास्त, याने फरक पडला नाही, ही त्यातील विशेष ध्यानात घेण्याजोगी बाब.

करुणेचा हिशेब याहून नाजूक आहे. रोगजंतू बोटे खात नाहीत. बधिर हाताला चटका किंवा जखम कळत नाही, ती चिघळते आणि बोटे झिजतात. म्हणून तळपायाची जखम दाखवून मऊ रबराच्या चपलांसाठी देणगी मागितली, तर दिसणारे दुःख आणि मागितलेला पैसा यांचा दुवा सरळ असतो. तेच छायाचित्र दाखवून ‘औषधाविना हा तडफडत आहे’ असे म्हटले, तर औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळत असताना दात्याच्या कळवळ्याचा गैरफायदा घेतला जातो, आणि बऱ्या झालेल्या माणसाला कायमचा रुग्ण ठरवण्याचा अन्यायही त्यात होतो. हा दुसरा अपराध पहिल्याहून मोठा मानावा लागेल. आनंदवनाने रुग्णांच्या हातांना शेती आणि कारागिरीचे काम दिले, तेव्हा जगासमोर व्यंगाऐवजी त्या हातांनी पिकवलेले आणि घडवलेले ठेवले गेले. मदतीची गरज तेथेही होती, परंतु ती मागण्यासाठी माणसाला लहान करावे लागले नाही.

यावरून व्यंगाची चित्रे सरसकट हद्दपार करावीत, असे निष्पन्न होत नाही. ज्याचे तळहात आधीच बधिर झाले आहेत, त्याला गरम भांडे फडक्याने धरण्यास आणि रोज रात्री हातपाय निरखण्यास शिकवताना, दुर्लक्षाने चिघळलेल्या जखमेचे चित्र दाखवणे योग्यच असते, कारण त्या पाहणाऱ्यापुरता तो धोका खरा असतो आणि तो टाळणे त्याच्या हाती असते.