सरांच्या ट्रॅशमध्ये गेलेली यादी



धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावर मूर्ती भरपूर. समजा, गावातल्या शाळेने त्यांची नोंद करायला घेतली. एका सरांनी आपल्या गुगल ड्राइव्हवर फोल्डर केलं, त्यात एक शीट केलं. कुठली मूर्ती कुठल्या भिंतीवर आहे, किती झिजली आहे, सगळं त्यात. दोघा-तिघा शिक्षकांना एडिटचा अधिकार दिला, त्यांनीही आपापल्या मोबाइलवरून फोटो टाकले. पुढे सरांची बदली झाली, आणि एके दिवशी ते शीट कुणालाच दिसेना.

यात सरांचा खोडसाळपणा नसतो. गुगल फुकटात 15 जीबी जागा देतं, आणि त्यातच ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो बसवायचे असतात. आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरतात. जागा भरली की मेल येणं बंद होतं, मग माणूस जुनं दिसेल ते उडवत सुटतो. सरांनी फोल्डर डिलीट केलं की तुमच्या ‘शेअर्ड’च्या यादीतूनही ते गुपचूप जातं.

अशा वेळी ड्राइव्हमध्ये शोधत बसू नका, आधी लिंक शोधा. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सर्चला `docs.google` एवढं टाका. सरांनी तेव्हा पाठवलेली लिंक बहुधा वर येईल. ज्या जीमेलला अधिकार मिळाला होता त्याच खात्यातून ती उघडा. हे महत्त्वाचं, कारण मोबाइलमध्ये दोन-तीन खाती असतात आणि भलत्याच खात्याने उघडली की फाइल गेली असं वाटतं.

आता स्क्रीन काय म्हणते ते नीट वाचा. `You need access` आलं, तर फाइल बहुतेक जागेवर आहे, फक्त तुम्हाला परवानगी नाही. खातं बदलून बघा, नाहीतर तिथूनच मागा. फाइल मालकाच्या ट्रॅशमध्ये आहे असं आलं, तर ती अजून जिवंत आहे. लगेच उघडून ‘मेक अ कॉपी’ करा. ती प्रत तुमच्या मालकीची होते, सरांनी नंतर काहीही केलं तरी तिला धक्का लागत नाही. मात्र कुणी काय कधी बदललं हा जुना इतिहास प्रतीत येत नाही. आणि `Sorry, the file you have requested does not exist` आलं, तर लिंक अर्धवट कॉपी झाली नाही ना ते तपासा. लिंक पूर्ण असेल, तर फाइल कायमची गेली असं धरा.

प्रत हाती आली तरी सरांना फोन कराच. त्यांनी ट्रॅश उघडून ‘रिस्टोअर’ दाबलं, तर मूळ शीट इतिहासासकट, जुन्याच लिंकवर, जुन्याच अधिकारांसह परत येतं. मुदत 30 दिवसांची, डिलीट केल्याच्या दिवसापासून. फोनवर पहिलं वाक्य हेच बोला, “सर, ट्रॅश रिकामं करू नका.” जागा तोवर मोकळी होत नाही, म्हणून माणसं नेमकं तेच करायला जातात.

तुम्ही स्वतः टाकलेल्या फोटोंचं काय? साध्या जीमेल खात्यावर, ज्याने फोटो टाकला तोच त्याचा मालक. सरांनी फोल्डर उडवलं तरी तुमचा फोटो त्यांच्याने कायमचा पुसला जात नाही. फोल्डर नाहीसं झालं की तो बेवारस होतो, कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाही. ड्राइव्हच्या सर्चमध्ये हे टाका. कागद-पेन्सिल घ्या, सावकाश सांगतो:

```
is:unorganized owner:me
```

असे बिनफोल्डरचे, तुमच्या मालकीचे सगळे नग समोर येतात. ते उचलून नव्या फोल्डरमध्ये ठेवा. बाकी शिक्षकांनी आपापल्या खात्यात हेच करायचं, कारण एकाला दुसऱ्याचे फोटो यात सापडणार नाहीत.

30 दिवस उलटून गेले असतील, तर साध्या खात्यासाठी गुगलच्या मदत पानावर फाइल परत मागायचा अर्ज आहे. पण तो फाइलच्या मालकानेच करायचा, तुम्ही कितीही कळवळून लिहिलं तरी उपयोग नाही, आणि मिळेलच याची खात्रीही नाही. खातं संस्थेचं असेल, तर ट्रॅश रिकामं झाल्यावरही 25 दिवसांपर्यंत संस्थेचा ॲडमिन फाइल परत आणू शकतो. म्हणून संस्थेच्या खात्याच्या बाबतीत आधी ॲडमिनला गाठा.

शीट परत आलं की सरांकडून एक काम करून घ्या. कॉम्प्युटरवर ‘शेअर’ उघडून, शाळेतच असणाऱ्या एखाद्या शिक्षकाच्या नावापुढे मालकी बदलायचा पर्याय निवडायचा. त्या शिक्षकाला मेल येतो, आणि तो स्वीकारेपर्यंत मालक सरच राहतात. दोन्ही खाती साधी जीमेलची असली तर हे जमतं; एक साधं आणि एक संस्थेचं असेल तर जमत नाही, तिथे मग प्रतच काढावी लागते.