पाठ रुंद आणि जाड: सेट मोजायचे कसे?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. "दादा, पुलडाऊन खूप करतो, तरी पाठ मागून सपाटच दिसते. का?" मी स्वतः यात जवळजवळ दीड वर्ष घालवलंय, म्हणून आज त्यावरच बोलू.

माझा तेव्हाचा बॅक डे ऐका. बुधवारी रुंद पकडीचं पुलडाऊन ४ सेट, जवळच्या पकडीचं ४, मानेमागे ४, पुल-अप्स ४, मग सीटेड रो ४ आणि शेवटी डंबेल रो ३. झाले २३ सेट. मला वाटायचं, सहा व्यायाम म्हणजे पाठीचे सहा कोपरे झाले. पण या सहाही व्यायामांत माझं कोपर एकतर वरून खाली येत होतं, नाहीतर अंगाला घासून मागे जात होतं. म्हणजे मुख्य काम लॅट्सचंच. दोन फऱ्यांच्या मधला भाग, म्हणजे मधले ट्रॅप्स आणि ऱ्हॉम्बॉइड्स, यांच्यासाठी खास असं काहीच नव्हतं.

लॅट पाठीच्या खालच्या भागातून निघतो आणि काखेखालून जाऊन दंडाच्या हाडाला चिकटतो. त्यामुळे दंड बरगड्यांकडे किंवा कमरेकडे ओढला की तो राबतो. वरची पाठ मात्र फरे मागे ओढून एकमेकांजवळ आणते. म्हणून व्यायामाचं नाव सोडा, कोपर कुठे जातंय ते बघा. रो करताना कोपर अंगालगत ठेवून खिशाकडे नेलं तर लॅट. तोच रो, तीच मशीन, पण पकड रुंद घेऊन कोपर बाहेर काढलं आणि बार छातीच्या खालच्या भागाकडे आणला, तर वरची पाठ आणि मागचा खांदा. अर्थात दोन्हींत थोडं थोडं काम दुसऱ्याचंही होतंच.

वरच्या पाठीच्या रोमध्ये एक चूक हमखास दिसते. छाती ताठ आणि फरे कायम मागे आवळलेले. मग फरा हलणार कुठे? हात पुढे जाताना फरेही पुढे सरकू द्या, पाठ ताणली जाऊ द्या, मग ओढा. छाती टेकवायचा पॅड असलेलं रो मशीन असेल तर फारच छान, कारण कंबर थकत नाही आणि झोके घेता येत नाहीत. मशीन नसेल तर बेंच तिरका लावा, त्यावर पालथे पडा आणि डंबेल घ्या. वजन नेहमीपेक्षा कमी लागेल, लाजू नका.

आता सेट्स. माझी खरी गडबड इथे होती. शेवटच्या डंबेल रोला मी कसाबसा १५ किलो उचलायचो. एकदा तोच व्यायाम ताज्या अंगाने पहिला केला, तर २२.५ किलोचे १० रेप्स आरामात निघाले! म्हणजे त्या दिवशीचे शेवटचे बरेचसे सेट नुसते दमलेल्या अंगाने काढलेले होते.

मग मी आठवड्याचे सेट १५ वर आणले आणि दोन दिवसांत वाटले. सोमवारी मध्यम पकडीचं पुलडाऊन ३ आणि छाती टेकवून, कोपर बाहेर काढून रो ४. गुरुवारी एका हाताचा डंबेल रो ३, कोपर खिशाकडे. मग रुंद पकडीचा केबल रो ३ आणि एका हाताचं पुलडाऊन २. हिशेब केला तर लॅट्सला ८ आणि वरच्या पाठीला ७. प्रत्येक सेट ८ ते १२ रेप्सचा, आणि थांबायचं तेव्हा, जेव्हा अजून एखाद-दोन रेप्सच निघाले असते. पकड आधी सुटत असेल तर स्ट्रॅप्स लावा. पाठीचा सेट बोटांमुळे थांबला तर काय उपयोग?

वाढवायचं कधी? फोनमध्ये वजन आणि रेप्स लिहा. ५० किलोचं पुलडाऊन तिन्ही सेट्सना १२ वर पोहोचलं की ५५ लावा. आकडे तीन-चार आठवडे अडकले, पण झोप-जेवण ठीक आहे आणि दुसऱ्या दिवशी पाठ ताजी वाटते, तर मागे पडलेल्या भागाला दोन सेट द्या. सलग दोन आठवडे रेप्स घटत असतील किंवा कोपर दुखत असेल, तर उलट दोन कमी करा. नवीन असाल तर एकूण १० सेटही पुष्कळ झाले.

एक मात्र आहे. लॅट कुठे जोडलेला आहे आणि गळपट्टीचं हाड किती लांब, हे जन्माचं. माझा लॅट कमरेपासून बराच वर संपतो. कितीही रो केले तरी तो खाली उतरणार नाही. पण फऱ्यांमधली ती सपाट जागा भरली, आणि त्यासाठी मला एकही नवीन मशीन लागली नाही.

पुल-अप्सचं काय, हा प्रश्न येणारच. निघत असतील तर सोमवारच्या पुलडाऊनच्या जागी घ्या, त्याच्या वर नाही. डेडलिफ्टचं पुढच्या भागात बोलू. भेटू!